नोटरी, साक्षांकित प्रत आणि नोंदणीकृत दस्त : कोणता कागद कुठल्या टेबलावर चालतो

तहसील कचेरीच्या आवाराबाहेर अर्ज आणि दस्त लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. रोज कानावर पडणारं एक वाक्य आहे : "नोटरी केलीय की, म्हणजे रजिस्टरच झालं ना?" नाही झालं. आणि हे समजायला लोकांना कधी सहा महिने लागतात, कधी दहा वर्षं. दहा वर्षं लागतात तेव्हा सही करणाऱ्यांपैकी एखादा माणूस हयात नसतो, आणि मग साध्या कामाचा दावा होतो.

हा घोळ सर्वांत जास्त होतो तो वडील गेल्यानंतर मिळकत नावावर करताना. त्यात प्रतिज्ञापत्र, साक्षांकित प्रत आणि नोंदणीकृत दस्त हे तिन्ही लागतात, वेगवेगळ्या कार्यालयांत आणि वेगवेगळ्या क्रमाने. म्हणून तेच एक प्रकरण धरून सांगतो.

## कुटुंब आणि त्यांचा पहिला कागद

वाई तालुक्यात शेतजमीन, पुण्यात सोसायटीतला एक फ्लॅट. दोन्ही वडिलांच्या नावावर. जमीन आजोबांपासून आलेली, फ्लॅट वडिलांनी नोकरीच्या पैशातून घेतलेला. मागे आई, दोन मुलगे आणि इंदूरला दिलेली मुलगी. मृत्युपत्र नाही. भांडणही नाही. बहिणीला जमिनीत वाटा नको होता. फ्लॅट एकट्या आईच्या नावावर करायचा, यावर तिघंही भावंडं राजी होती.

कोणीतरी सांगितलं, पाचशेच्या स्टॅम्पवर हक्कसोड लिहून नोटरी करा. त्यांनी तसंच केलं. एकाच कागदात जमीन आणि फ्लॅट दोन्ही घातले, १२ फेब्रुवारीला सह्या झाल्या, नोटरीचा लाल गोल शिक्का बसला. ऑगस्टमध्ये थोरला तो कागद घेऊन तलाठी कार्यालयात गेला. तलाठ्याने कागद उलटापालटा करून परत दिला : "दादा, हा नोटरीचा आहे. याच्यावर फेरफार धरता येत नाही. रजिस्टर हक्कसोड आणा."

थोरल्याचं म्हणणं होतं की स्टॅम्प पूर्ण भरलाय, मग अडचण कसली? खरी गोम इथेच आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्रांक शुल्क हा सरकारचा कर. तो भरला म्हणजे कागद कराच्या दृष्टीने बरोबर झाला, इतकंच. नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकासमोर सही करणाऱ्यांनी स्वतः उभं राहून "हा दस्त मी करून दिला" असं कबूल करणं आणि त्या दस्ताची सरकारी दप्तरात कायमची नोंद होणं. पाचशेचा कडक कागद हातात आला की माणसाला वाटतं काम पक्कं झालं. तसं काही नसतं.

## तीन कागद, तीन वेगळी कामं

नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. यात एक माणूस शपथेवर एखादी वस्तुस्थिती सांगतो : माझे वडील अमुक तारखेला वारले, त्यांना आम्ही चौघंच वारस आहोत, माझं नाव शाळेत एक आणि आधारवर दुसरं आहे पण माणूस मी एकच. नोटरीचं काम इतकंच की सांगणाऱ्याची ओळख पटवायची, त्याला शपथ द्यायची, त्याने समोर सही केली याची नोंद आपल्या रजिस्टरात घ्यायची आणि शिक्का मारायचा. मजकूर खरा आहे की खोटा, याची हमी नोटरी देत नाही. खोटं लिहिलं तर गुन्हा लिहिणाऱ्यावर. आणि मुख्य म्हणजे प्रतिज्ञापत्राने वस्तुस्थिती सांगता येते, मिळकतीतला हक्क एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

नोटरीला १९५२ च्या कायद्याने इतर दस्तांवरच्या सह्या प्रमाणित करायचाही अधिकार आहे. म्हणून नोटरी हक्कसोडीवर, साठेखतावर, भाडेकरारावरही शिक्का मारतो. त्यात तो चूक करत नाही. पण त्या शिक्क्याने एवढंच सिद्ध होतं की ही सही या माणसाने या दिवशी केली.

साक्षांकित प्रत. ही मुळात झेरॉक्स. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही पाहून अधिकाऱ्याने "सत्यप्रत" असा शिक्का, सही, हुद्दा आणि तारीख घातली की ती साक्षांकित. राजपत्रित अधिकारी, विशेष कार्यकारी अधिकारी किंवा नोटरी हे काम करतात. तीवर स्वतःच सही केली की ती स्वयंसाक्षांकित. दोन्हींचा अर्थ एवढाच की ही झेरॉक्स मुळाबरहुकूम आहे. मूळच खोटं असेल तर सत्यप्रतही खोट्याचीच.

इथे एक चौथा कागद मध्ये घुसतो आणि गोंधळ वाढवतो : प्रमाणित नक्कल. ज्या कार्यालयाच्या दप्तरात मूळ नोंद आहे, त्याच कार्यालयाने अर्ज आणि फी घेऊन दिलेली ही प्रत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळालेली जुन्या फेरफाराची नक्कल, कोर्टाची निकालाची नक्कल, दुय्यम निबंधकाकडून मिळालेली दस्ताची नक्कल या सगळ्या प्रमाणित नकला. मूळ सरकारी नोंदीचा पुरावा म्हणून त्या न्यायालयात चालतात. सातबाऱ्याची झेरॉक्स नोटरीकडून सत्यप्रत करून आणलीत तर ती प्रमाणित नक्कल होत नाही, ती झेरॉक्सच राहते. भूलेखच्या संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीपुरता असतो. कामाला लागतो तो `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वरचा पंधरा रुपयांचा, डिजिटल सहीचा उतारा.

नोंदणीकृत दस्त. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ नुसार, शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीत हक्क निर्माण करणारा, दुसऱ्याला देणारा किंवा सोडून देणारा दस्त नोंदवावाच लागतो. बक्षीसपत्राला तर किमतीची अटही नाही. नोंदवला नाही तर कलम ४९ सांगतं की त्या मिळकतीवर त्या दस्ताचा परिणाम होत नाही. शंभर रुपयांचा आकडा १९०८ चा आहे, आज त्यात न बसणारी मिळकत शोधूनही सापडायची नाही. हक्कसोडपत्र नोटरीवर का चालत नाही, त्याचं उत्तर या दोन कलमांत आहे.

मृत्युपत्राला मात्र ही सक्ती नाही. साध्या कागदावर, करणाऱ्याच्या सहीने आणि दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्रही कायदेशीर असतं. नोंदवलं तर ते हरवणं किंवा बदललं जाणं टळतं. नुसती नोटरी करून मृत्युपत्राच्या बळात फार भर पडत नाही.

## हातातला कागद कोणता, हे कसं ओळखायचं

कागद घेऊन येणारी माणसं बऱ्याचदा म्हणतात, "रजिस्टर आहे बघा." मी पहिलं पान न वाचता कडा बघतो. महाराष्ट्रात अलीकडच्या नोंदणीकृत दस्ताच्या प्रत्येक पानावर एक चौकट छापलेली असते : कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, पान किती पैकी कितवं आणि वर्ष. शेवटी "दस्त गोषवारा भाग १" आणि "भाग २" अशी पानं असतात, त्यांवर सही करणाऱ्यांचे त्याच दिवशी कार्यालयात काढलेले फोटो आणि अंगठ्याचे ठसे. सोबत "सूची क्र. २" नावाचा एक पानी उतारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्यात दस्ताचा प्रकार, मिळकतीचं वर्णन, लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावं, दस्ताची तारीख आणि नोंदणीची तारीख.

यातलं काहीच नसेल, फक्त शेवटच्या पानावर गोल शिक्का, त्यात नोटरीचं नाव आणि त्याचं कार्यक्षेत्र, खाली रजिस्टरचा अनुक्रमांक आणि नोटरीचं तिकीट असेल, तर तो नोटरीचा कागद. अनुक्रमांक कोरा असेल तर तोही धड नाही. सह्या आधीच करून कागद एकट्याने नोटरीकडे नेला, बाकीचे आलेच नाहीत, असं सर्रास चालतं. पुढे वाद झाला की नोटरीच्या रजिस्टरात त्या माणसाची सही सापडत नाही आणि कागद तिथेच कोसळतो.

खात्री करायची असेल तर `freesearchigrservice.maharashtra.gov.in` वर जिल्हा, कार्यालय आणि दस्त क्रमांक घालून सूची दोन पाहता येते. सात-आठ मिनिटांचं काम आहे. व्यवहाराआधी ते केलेलं बरं.

## त्या कुटुंबाने नंतर काय केलं : पायरीपायरीने

पहिली पायरी, आधी वारसनोंद. थोरल्याची कल्पना अशी होती की बहीण हक्क सोडणारच आहे, तर सातबाऱ्यावर थेट आई आणि दोघा भावांचीच नावं लावू. त्यासाठी "आम्ही तिघंच वारस" असं प्रतिज्ञापत्र करायचा सल्लाही कुणीतरी दिला होता. हे कधीही करू नका. ते शपथेवर खोटं आहे आणि उद्या बहिणीच्या मुलांनी तो फेरफार आव्हानाला घेतला तर अख्खी साखळी मागे फिरते. शिवाय ज्याचं नावच दप्तरात नाही तो सोडणार काय?

म्हणून आधी चौघांची नावं. याला लागतं मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वय, पत्ता आणि मयताशी नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आणि अर्ज. अर्ज तलाठ्याकडे देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कोणी म्हणत नाही. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यावी असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. नोंद धरली की नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मंजूर झाल्यावरच तो सातबाऱ्यावर चढतो.

इथे लक्षात घ्या, वारसनोंदीला प्रतिज्ञापत्र पुरलं. कारण हक्क वडील गेले त्या क्षणी कायद्यानेच वारसांकडे आला आहे. कागद फक्त ती वस्तुस्थिती कळवतो. पण बहीण जेव्हा आपला आलेला वाटा भावांना देते तेव्हा नवा हस्तांतराचा व्यवहार घडतो, आणि तिथे प्रतिज्ञापत्र संपतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की कोणत्या कामाला कोणता कागद हे बहुतेक वेळा स्वतःच ठरवता येतं.

दुसरी पायरी, जुन्या हक्कसोडीचं काय करायचं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. त्यांच्या बाबतीत ती मुदत १२ जूनला संपली होती. त्यानंतर आणखी चार महिने, म्हणजे १२ ऑक्टोबरपर्यंत, योग्य कारण देऊन आणि दंड भरून तोच दस्त घेतला जाऊ शकला असता. दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत असू शकतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. सगळे हयात आणि राजी होते, आणि जुन्या कागदात गट नंबरसमोर क्षेत्रच लिहिलेलं नव्हतं. नवा दस्त करणं स्वस्त आणि स्वच्छ. पण सही करणाऱ्यांपैकी कुणी दरम्यान वारला असता तर त्या जुन्या कागदासाठी आम्ही तारखा मोजत बसलो असतो.

तिसरी पायरी, दोन मिळकती, दोन दस्त. जमिनीचा दस्त महसूल दप्तराकडे जाणार, फ्लॅटचा सोसायटीकडे. एकाच दस्तात दोन्ही घातले तर कायद्याने अडत नाही, कारण मिळकतीचा काही भाग ज्या हद्दीत आहे तिथे दस्त नोंदवता येतो. तरी मूळ दस्त एकच, आणि तो दोन ठिकाणी मागतात. म्हणून जमिनीचा वाईला आणि फ्लॅटचा पुण्यात, असे दोन केले. जमिनीच्या दस्तात बहिणीने दोघा भावांच्या लाभात हक्क सोडला. फ्लॅटच्या दस्तात तिन्ही भावंडांनी आईच्या लाभात.

हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्याच लाभात. बहिणीला आपला वाटा भावाला न देता थेट पुतण्याला द्यायचा असता तर ते हक्कसोडपत्र झालं नसतं, बक्षीसपत्र झालं असतं. त्याचं शुल्क वेगळं.

चौथी पायरी, शुल्क आधी विचारा. मोबदला न घेता जवळच्या रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडला तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये मुद्रांक लागतो, आधी तो २०० होता. नोंदणी फी आणि पानामागे दस्त हाताळणी शुल्क वेगळं. ज्या दस्ताला ही सवलत बसत नाही त्याला खरेदीखतासारखं बाजारभावावर शुल्क लागतं. हा फरक लाखांत जातो.

जमिनीचा प्रश्न नव्हता, ती आजोबांपासूनची. फ्लॅट वडिलांनी स्वतः घेतलेला. मुलांच्या दृष्टीने तो "वडिलोपार्जित" म्हणायचा का, यावर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रश्न निघू शकतो. म्हणून मसुदा घेऊन आधी विचारून घेतलं. तोंडी उत्तर पटत नसेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करायचा, ते लेखी शुल्क ठरवून देतात. थोडा वेळ जातो, पण नंतर वसुलीची नोटीस येत नाही.

एक बारकी गोष्ट : स्टॅम्प पेपर घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो. कपाटातला जुना पेपर "वाया कशाला घालवा" म्हणून काढू नका.

पाचवी पायरी, इंदूरची बहीण. भाऊजींनी इंदूरमध्येच नोटरीसमोर मुखत्यारपत्र करून पाठवलं, धाकट्या भावाच्या नावाने. ते वाईला घेतलं नाही. दस्त नोंदणीला हजर करण्यासाठी दिलेलं मुखत्यारपत्र, देणारा भारतात राहत असेल तर, तो जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावं लागतं. हे कलम ३३. देणारा परदेशात असेल तर मात्र तिथला नोटरी किंवा भारतीय वकिलात चालते. नोटरीचं असेल तर त्यावर ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून त्या देशाच्या सरकारने दिलेला खरेपणाचा दाखला, घ्यावा, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरावं. म्हणजे टोरोंटोच्या भावाचं नोटरी मुखत्यारपत्र चालू शकतं आणि इंदूरच्या बहिणीचं नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

शेवटी बहीण दिवाळीला माहेरी आली तेव्हा स्वतःच हजर राहिली. सगळ्यांनी एकाच दिवशी यायलाच हवं असंही नाही. मुदतीच्या आत वेगवेगळ्या दिवशी येऊन कबुली देता येते.

सहावी पायरी, नोंदणीचा दिवस. माहिती आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरून ठेवली, शुल्क ग्रास या सरकारी भरणा संकेतस्थळावर ऑनलाइन भरलं, वेळ घेतली. नेलं ते असं : मूळ दस्त, चौघांची नावं चढलेला सातबारा, वारसाचा मंजूर फेरफार, चलन, सगळ्यांची मूळ आधार आणि पॅन कार्डं, दोन ओळखीचे साक्षीदार. टेबलावर बहिणीला विचारलं, "ताई, कुणाच्या दबावाखाली सोडत नाही ना? पैसे घेतलेत का?" ती म्हणाली, "नाही हो, आईला साडी मागितलीय फक्त." कारकून हसला, फोटो निघाला, अंगठा उमटला. तासाभरात स्कॅन होऊन मूळ दस्त परत हातात.

सातवी पायरी, नंतरचे फेरफार. नोंदणी झालेल्या शेतजमिनीच्या दस्ताची वर्दी आता नोंदणी कार्यालयातून थेट तलाठ्याकडे ऑनलाइन जाते. तरी आठ दिवसांनी महसूल विभागाच्या "आपली चावडी" या संकेतस्थळावर फेरफार दिसतो का ते बघा, नाही दिसला तर सूची दोनची प्रत घेऊन तलाठ्याकडे जा. पुन्हा नमुना ९, पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा मंडळ अधिकारी. जानेवारीत त्यांच्या सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव कमी झालं.

## सोसायटीत वेगळंच नाटक

पुण्याच्या सोसायटीने उलट कमी मागितलं होतं. नामनिर्देशनात आईचं नाव होतं. अर्ज, मृत्यूदाखल्याची प्रत, मूळ भागप्रमाणपत्र, पाचशेच्या स्टॅम्पवर नुकसानभरपाईचा बंध आणि तिन्ही मुलांची नोटरी केलेली ना-हरकत प्रतिज्ञापत्रं एवढ्यावर आईचं नाव लावायला समिती तयार होती. अनेक सोसायट्या असंच करतात.

मग रजिस्टर हक्कसोड कशाला? कारण नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, मालक होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर सहकारी संस्था अधिनियमातच नामनिर्देशितासाठी तात्पुरता सभासद असा शब्द आहे. सोसायटीने भागप्रमाणपत्रावर नाव लावलं म्हणजे मुलांचे वाटे आईकडे गेले असं होत नाही. ना-हरकत प्रतिज्ञापत्राने सोसायटीची जबाबदारी सुटते, मुलांचा हक्क सुटत नाही. हे कळतं केव्हा? आई फ्लॅट विकायला काढते तेव्हा. खरेदीदाराच्या बँकेचा वकील मालकीची साखळी तपासतो आणि विचारतो, वडिलांकडून आईकडे संपूर्ण फ्लॅट कोणत्या दस्ताने आला? नोटरीची प्रतिज्ञापत्रं पुढे केली की कर्ज अडतं.

त्यांनी नोंदणीकृत हक्कसोड आणि सूची दोन सोसायटीला दिली. समितीनेही मग बंधाचा आग्रह धरला नाही.

## बाकी कार्यालयांचं थोडक्यात

सेतू आणि तहसील कार्यालयातल्या दाखल्यांसाठी, उत्पन्न, रहिवास, जात वगैरे, सामान्य प्रशासन विभागाच्या ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने साक्षांकित प्रतीऐवजी स्वयंसाक्षांकित प्रत आणि प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरतं. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सांगितलं असेल तिथे मात्र ते द्यावंच लागतं. आणि तिथेही शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. पाचशेचा स्टॅम्प मागणारा खिडकीवरचा माणूस भेटला तर शांतपणे "तो नियम लेखी द्या" म्हणा. बहुतेकदा साधा कागद घेतात.

पासपोर्टसाठी जोडायची घोषणापत्रं डिसेंबर २०१६ पासून साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतात. नोटरी लागत नाही, तरी कार्यालयाबाहेर ती करून देणारे बसलेले असतातच. कॉलेज प्रवेशाला स्वयंसाक्षांकित प्रती आणि पडताळणीला मूळ कागद, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. न्यायालयात प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर किंवा न्यायालयाच्याच शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर करतात. सरकारी नोंदींच्या मात्र प्रमाणित नकलाच द्या, सत्यप्रतींवर अवलंबून राहू नका.

भाड्याच्या घराबद्दल एक सांगायलाच हवं. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरते," हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

गुंठ्या-दोन गुंठ्यांचे "नोटरी प्लॉट" तर सांगून थकलो. जमिनीचे फार लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे रजिस्टर होत नाही म्हणूनच विकणारा नोटरी करून देतो. पैसे गेले, सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच.

मिळकत गोव्यात असेल तर यातलं वारसाचं प्रकरण इथल्यासारखं धरू नका. तिथे पोर्तुगीज काळापासूनची वेगळी पद्धत आहे आणि २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यानुसार वारसांचं लेख आणि हक्कत्यागाचं लेख विशेष नोटरीसमोर होतात. हा विशेष नोटरी म्हणजे सरकारी अधिकारी, आपल्याकडचा टेबल टाकून बसलेला नोटरी नव्हे. नाव एक असल्याने सिंधुदुर्गातली माणसं हमखास फसतात : सावंतवाडीत वकिलाकडे नोटरी करून पेडण्याला नेतात आणि संध्याकाळच्या बसने तोच कागद घेऊन परत येतात.